स्फटिक आणि बर्फ: रायबोसोम पाहण्याच्या दोन वाटा

मृत समुद्राच्या पाण्यात मासा जगत नाही, पण हॅलोआर्क्युला मॅरिस्मॉर्टुई नावाचा एक सूक्ष्मजीव त्या खारात सुखाने वाढतो. थर्मस थर्मोफिलस नावाचा दुसरा एक जीव जपानच्या इझू भागातल्या, हात घालता येणार नाही इतक्या गरम झऱ्यात सापडला. २००० साली रायबोसोमची रचना अणूंच्या पातळीवर पहिल्यांदा दिसली, ती या दोघांच्या पेशींमधून. माणसाचा, क्षयाच्या जंतूचा किंवा मलेरियाच्या परजीवीचा रायबोसोम कुणाला पाहायचा नव्हता असं नाही. पण या दोघांच्या रायबोसोमांनी चांगले स्फटिक धरले आणि बाकीच्यांनी धरले नाहीत. एवढ्या साध्या कारणावर सगळं अडलेलं होतं.

रायबोसोम म्हणजे पेशीतलं प्रथिनं विणणारं यंत्र. जनुकाचा निरोप वाचायचा आणि त्याबरहुकूम एकेक अमिनो आम्ल जोडत जायचं, हे त्याचं काम. त्याचे दोन भाग असतात, एक लहान आणि एक मोठा. दोन्हीत मिळून काही लाख अणू आहेत. ते अणू पाहायला साधा प्रकाश उपयोगाचा नाही, कारण त्याची तरंगलांबी अणूंमधल्या अंतराच्या हजारोपट असते. क्ष-किरणांची तरंगलांबी नेमकी त्या मापाची, म्हणजे सुमारे १ अँगस्ट्रॉम असते. मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे अँगस्ट्रॉम. पण एका रेणूवरून विखुरलेले क्ष-किरण इतके क्षीण असतात की ते मोजण्याआधीच रेणू जळून जातो. म्हणून स्फटिक लागतो. ढोल-ताशाच्या पथकातला एक ढोल दोन गल्ल्या पलीकडे ऐकू येत नाही, पण शंभर ढोल एका ठेक्यात वाजले तर येतात. स्फटिकात अब्जावधी रेणू एकाच तोंडाने, एकाच अंतरावर उभे असतात, आणि त्यांचे विखुरलेले किरण ठरावीक दिशांना एकमेकांना बळ देतात. पडद्यावर उमटतात ते ठिपके याच बेरजेचे.

स्फटिक वाढवायचे तर प्रथिनाच्या द्रावणाचा मायक्रोलिटरभर थेंब काचेच्या चकतीवर घेतात आणि त्यात मीठ किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल असलेलं द्रावण तेवढंच मिसळतात. मग चकती उलटी करून त्याच द्रावणाने भरलेल्या खळग्यावर हवाबंद बसवतात. थेंबातलं पाणी हळूहळू खळग्याकडे जातं, थेंब दाट होतो आणि नशिबाने साथ दिली तर आठवड्याभरात कडा चमकू लागतात. बहुतेक वेळा मिळतो तो गढूळ साका. मीठ, आम्लता, तापमान बदलत शेकडो थेंब लावावे लागतात. आदा योनाथ यांनी बर्लिनमध्ये १९८० साली रायबोसोमच्या मोठ्या भागाचे पहिले स्फटिक मिळवले, तेव्हा या कामावर फार थोड्यांचा विश्वास होता. ते स्फटिक क्ष-किरणांत पटकन खराब होत, म्हणून त्यांनी ते गोठवून मोजण्याची रीत बसवली. पुढे प्रथिनांच्या स्फटिकांसाठी तीच सर्वत्र रूढ झाली.

खरी मेख पुढे आहे. क्ष-किरणांना पुन्हा एकत्र आणून अणूंची प्रतिमा बनवील असं भिंग नाही. संवेदकावर प्रत्येक ठिपक्याची तीव्रता मोजली जाते, पण ती लाट किती पुढे किंवा मागे होती, म्हणजे तिची कला, ती नोंद हरवते. ढोल किती जोरात वाजला हे कळलं, पण ठेक्यात नेमका कधी वाजला ते कळलं नाही, असा हा प्रकार. कलेशिवाय रचना उलगडत नाही. यावरचा उपाय मॅक्स पेरुट्झ यांनी १९५३ साली केंब्रिजमध्ये हिमोग्लोबिनवर दाखवला होता. स्फटिकात पाऱ्यासारखा जड अणू घुसवायचा, ठिपक्यांच्या तीव्रता कशा बदलतात ते पाहायचं आणि त्यावरून कला काढायची. पण रायबोसोमच्या प्रचंड देहात पाऱ्याचा एखादा अणू कुठल्या कुठे लोप पावतो. येल विद्यापीठात थॉमस स्टाइट्झ आणि पीटर मूर यांच्या गटाने म्हणून टंगस्टनच्या अठरा अणूंचा गुच्छ वापरला. तो गुच्छ कुठे बसला हे शोधायला त्यांना आधार मिळाला तो जोआकिम फ्रँक यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून आलेल्या, २० अँगस्ट्रॉमच्या धूसर नकाशाचा. १९९८ सालची ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या दोन पद्धतींना आज आपण प्रतिस्पर्धी म्हणून मांडतो, त्यातल्या दुसरीने पहिलीला ऐन अडचणीत हात दिला होता.

दोन वर्षांनी येलच्या गटाने मृत समुद्रातल्या जीवाच्या रायबोसोमचा मोठा भाग २.४ अँगस्ट्रॉमपर्यंत स्पष्ट केला. केंब्रिजमध्ये वेंकटरामन रामकृष्णन यांच्या गटाने थर्मसचा लहान भाग ३ अँगस्ट्रॉमला सोडवला. रामकृष्णन यांचा जन्म चिदंबरमचा आणि भौतिकशास्त्राची पदवी बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाची. त्याच वर्षी त्यांनी स्ट्रेप्टोमायसिन लहान भागात नेमकं कुठे बसतं तेही दाखवलं. क्षयावरचं हे औषध पन्नास वर्षं दिलं जात होतं, पण त्याची जागा आता अणूगणिक दिसत होती. पुढे २००९ सालचं नोबेल रामकृष्णन, स्टाइट्झ आणि योनाथ या तिघांना मिळालं.

तरीही येलच्या त्या सुंदर नकाशात दोन जागा रिकाम्या होत्या. मोठ्या भागातून दोन लवचिक दांडे बाहेर येतात, आणि रायबोसोमच्या कामात त्यांचं हलणं महत्त्वाचं असतं. पण स्फटिकातल्या प्रत्येक रेणूत ते थोडे वेगळ्या जागी होते, त्यामुळे सरासरीत पुसले गेले. स्फटिकशास्त्राची ही मर्यादा त्याच्या बळातूनच येते. बेरीज स्फटिकातच, तुम्हाला न विचारता होऊन जाते. जे सगळ्यांत सारखं तेच उरतं. बाकीचे अणू नकाशातून नाहीसे होतात किंवा पसरट, फिकट दिसतात. शिवाय पूर्ण रेणू ज्या मुद्रेत शेजाऱ्यांशी जुळून बसला तीच मुद्रा दिसते. २००० सालीच फ्रँक आणि राजेंद्र अग्रवाल यांनी गोठवलेल्या, स्फटिक न केलेल्या रायबोसोमच्या प्रतिमांवरून दाखवलं की विणकाम पुढे सरकताना लहान भाग मोठ्या भागावर थोडा फिरतो. त्यांच्या नकाशात अणू दिसत नव्हते, पण यंत्र हलताना दिसत होतं.

ही दुसरी वाट म्हणजे क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन. इलेक्ट्रॉन विद्युतभारित असल्यामुळे त्यांना चुंबकीय भिंगाने वळवता येतं, म्हणून प्रतिमा थेट उमटते आणि कला हरवत नाही. अडचण वेगळी होती. सूक्ष्मदर्शकाच्या आत निर्वात पोकळी असते, आणि ओला रेणू तिथे सुकून आकसतो. साधा बर्फ केला तर त्याचे स्फटिक सगळं बिघडवतात. जॅक दुबोशे यांनी हायडेलबर्गमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर तोड काढली. पाणी इतक्या झटक्यात थंड करायचं की रेणूंना ओळीत उभं राहायला सवडच मिळू नये, मग ते काचेसारखं घट्ट होतं. द्रव नायट्रोजन त्याला चालत नाही, कारण नमुन्याभोवती तो उकळतो आणि वाफेचं आवरण थंडी अडवतं. म्हणून नायट्रोजनने थंड केलेलं द्रव ईथेन वापरतात. तीन मिलिमीटर व्यासाच्या जाळीवर तीन मायक्रोलिटर द्रावण घालतात, टीपकागदाने दोन-चार सेकंद टिपतात आणि जाळी चिमट्याने ईथेनमध्ये झपकन बुडवतात. जाळीच्या बारीक छिद्रांत काचेच्या पापुद्र्यात रेणू अडकून राहतात.

त्यांच्यावर फार इलेक्ट्रॉन सोडता येत नाहीत, नाहीतर रेणू तुटतो. म्हणून प्रत्येक छायाचित्र धुक्यातल्या सावलीसारखं येतं. लाखभर सावल्यांच्या दिशा ओळखून त्यांची बेरीज केली की आकार उगवतो. म्हणजे बेरीज इथेही आहेच, पण ती नंतर, संगणकात होते आणि आपल्याला ती करताना निवड करता येते. फिरलेले रायबोसोम एका ढिगात, न फिरलेले दुसऱ्या ढिगात. २०१२-१३ च्या सुमाराला इलेक्ट्रॉन थेट मोजणारे संवेदक आले. ते एका छायाचित्राऐवजी छोटा चित्रपट घेतात, त्यामुळे झोताखाली रेणू जो थोडा सरकतो तेवढं सरकणं मागे घेता येतं. केंब्रिजमध्ये शोर्स शेरेस यांनी त्याच सुमारास लिहिलेल्या प्रोग्रॅमने ढीग वेगळे करणं सोपं केलं.

मग मलेरियाच्या परजीवीचा रायबोसोम हाती आला. हा परजीवी प्रयोगशाळेत माणसाच्या रक्तात वाढवावा लागतो, त्यामुळे स्फटिकांसाठी लागणारा साठा जमवणं जवळपास अशक्य. २०१४ साली सुमारे लाखभर सावल्यांमधून त्याचा नकाशा ३.२ अँगस्ट्रॉमला तयार झाला, आणि तोही एमेटिन या औषधासह. आमांशावरचं हे जुनं औषध परजीवीचं प्रथिन विणणं थांबवतं, पण हृदयाला घातक आहे. ते लहान भागात कुठे बसतं हे कळल्यावर, माणसाच्या रायबोसोमला सोडून फक्त परजीवीला धरील असा त्याचा भाऊबंद शोधायला नेमका पत्ता मिळाला. हिशेब करताना लहान भाग मोठ्यापासून सुटा करावा लागला, कारण दोघांची सापेक्ष जागा प्रत्येक रायबोसोमात थोडी वेगळी होती.

संगणकातल्या बेरजेचा धोकाही तिथेच आहे. रिचर्ड हेंडरसन यांनी २०१३ साली एक जुना प्रयोग पुन्हा पुढे आणला. नुसत्या खरखरीच्या १००० प्रतिमा घ्यायच्या, त्या आइनस्टाइनच्या चित्राशी जुळवायच्या आणि बेरीज करायची, की आइनस्टाइन उगवतात. प्रतिमांत त्यांचा अंशही नसतो. म्हणून आता सावल्यांचे सुरुवातीलाच दोन हिस्से करतात, दोन्हींचे नकाशे एकमेकांना न दाखवता बनवतात, आणि जिथवर ते जुळतात तिथवरचंच रेझोल्यूशन मान्य करतात. दुसरी खोड रेणूची. पाण्याच्या पृष्ठभागाला लागून तो एकाच कुशीवर झोपतो, बाजूच्या सावल्या मिळत नाहीत आणि नकाशा एका दिशेने ताणलेला दिसतो. दिशांचा आलेख काढला की हे लगेच कळतं, पण दुरुस्तीसाठी नमुना पुन्हा करावा लागतो.

आकारही आडवा येतो. रायबोसोमसारखा पंचवीस लाख डाल्टनचा धटिंगण धुक्यातही ओळखू येतो. चौदा हजार डाल्टनच्या लायसोझाइमची सावली तशी ओळखू येत नाही, पण त्याचे स्फटिक मात्र सहज वाढतात. कोरोनाच्या विषाणूत दोन्ही वाटांची वाटणी स्पष्ट दिसली. २०२० च्या सुरुवातीला त्याचा काटा क्रायो-ईएमने ३.५ अँगस्ट्रॉमला दिसला, कारण तो मोठा आणि हलता आहे. त्याच वेळी त्याचं मुख्य प्रथिनकातरं स्फटिकातून सुमारे २ अँगस्ट्रॉमला सुटलं. औषधासाठी असे स्फटिक फार सोयीचे असतात. एकदा वाढू लागले की शेकडो स्फटिक वेगवेगळ्या रसायनांत भिजवायचे आणि सिंक्रोट्रॉनवर एकापाठोपाठ एक मोजायचे. कुठलं रसायन खाचेत बसलं ते थेट नकाशात दिसतं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर उभारलेली प्रथिन स्फटिकांची किरणवाहिनी याच कामाची आहे. तिथे येणारा विद्यार्थी सोबत नायट्रोजनच्या थर्मासात गोठवलेले स्फटिक घेऊन येतो. काही स्फटिक ठिपके देतात, काही नुसता धूसर पट्टा देतात, आणि मग परत जाऊन पुढचे शंभर थेंब लावायचे.