घड्याळ गोल झालं की आजोबा बारीक होतात

तालुक्याच्या गावातल्या फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसवाल्यांइतकीच गर्दी पुण्यस्मरणवाल्यांची असते. त्यांच्याकडे वेळ नसतो, कारण कार्यक्रम परवावर आलेला असतो. आणि फोटोही बहुतेक एकच असतो, तोही कोणीतरी कुठल्याशा फॉर्मसाठी बारीक करून ठेवलेला. तो मोबाइलवरून दुकानदाराला पाठवतात, प्रूफ येतं आणि घरातलं एखादं माणूस स्क्रीनकडे बघून म्हणतं, "हे आमचे अण्णा वाटतच नाहीत."

ऑपरेटरला त्यात काही वावगं दिसत नाही. त्यानं अण्णांना कधी पाहिलेलंच नसतं. त्याच्या दृष्टीनं समोरचा माणूस जरा गोल तोंडाचा आहे, इतकंच. घरच्यांना मात्र ठाऊक असतं की अण्णा आयुष्यभर काटकुळे होते, गाल आत गेलेले, टोपी उभी. प्रूफमधली टोपी वरून कोणीतरी दाबल्यासारखी बसकी झालेली असते. फोटोची लांबी आणि रुंदी वेगवेगळ्या मापानं बदलली की असं होतं. यावर उपाय आहे, आणि तो अंदाजानं माउस ओढत बसण्याचा नाही.

असाच एक फोटो घेऊ. मोबाइलवर उभा काढलेला, म्हणजे रुंदी ३ तर उंची ४ या प्रमाणाचा. फॉर्मनं चौकोनी फोटो मागितला म्हणून कोणीतरी पेंट उघडून ६०० बाय ६०० पिक्सेल असे आकडे टाकले. आकडे टाकण्याआधी `Maintain aspect ratio` या चौकटीतली खूण काढली, कारण ती असताना दोन्ही आकडे एकदम ६०० होईनात. फॉर्म भरला गेला, अण्णा आडवे पसरले. मूळ फोटो जुन्या मोबाइलबरोबर गेला.

सुदैवानं अण्णांच्या मागे भिंतीवर घड्याळ आहे. गोल घड्याळ, कॅमेऱ्याच्या अगदी समोर. पडद्यावर ते मोठं करून मोजलं तर रुंदी ९६ पिक्सेल भरते आणि उंची ७२. घड्याळ अंडाकृती नव्हतं, तेव्हा ९६ भागिले ७२, म्हणजे सुमारे १.३३, एवढा फोटो आडवा ताणला गेलाय. आता मोबाइलचं प्रमाण आठवावं. ३ बाय ४ चा फोटो चौकोनात कोंबला तर ताण येतो ४ भागिले ३, म्हणजे तोच १.३३. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं. यावरून हेही कळलं की फोटो आधी कुठून कापलेला नाही, पूर्ण चौकटच दाबलेली आहे. घड्याळानं १.२ सांगितलं असतं, तर मधे कोणीतरी कात्री चालवली असावी असं समजून घड्याळावर विश्वास ठेवायचा आणि मोबाइलच्या प्रमाणाचा नाद सोडायचा.

घड्याळ प्रत्येक फोटोत नसतं. शर्टाचं बटण चालतं, कपाळावरचं गोल कुंकू चालतं, भिंतीला टेकवून ठेवलेलं ताट चालतं. अट एकच, ती वस्तू कॅमेऱ्याकडे तोंड करून असावी. टेबलावर आडवं ठेवलेलं ताट तिरप्या नजरेनं अंडाकृतीच दिसतं. त्याला गोल करायला गेलात तर माणूस बांबूसारखा लांब होईल. डोळ्याचं बुबुळ हा शेवटचा साक्षीदार, आणि जरा कच्चा. त्याचा वरचा भाग पापणीखाली झाकलेला असतो, शिवाय ते उंचीपेक्षा रुंदीला मुळातच किंचित जास्त असतं. त्यामुळे त्यावरून ताण कुठल्या दिशेचा आहे ते कळेल, नेमका आकडा कळणार नाही.

काहीच गोल सापडलं नाही तर त्याच माणसाचा दुसरा, बरोबर असलेला फोटो शोधायचा. चेहरा समोर हवा, तोंड मिटलेलं हवं. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजा, मग डोळ्यांच्या रेषेपासून ओठांच्या फटीपर्यंतचं अंतर मोजा आणि पहिल्याला दुसऱ्यानं भागा. चांगल्या फोटोत ०.९३ आलं आणि बिघडलेल्यात १.२४, तर १.२४ भागिले ०.९३ म्हणजे पुन्हा १.३३. हनुवटीपर्यंत मोजण्याचा मोह होतो, पण दाढी, कवळी आणि वाढलेलं वय यांनी हनुवटीची जागा फसवते.

आकडा हातात आला की दुरुस्ती दोन मिनिटांची. ६०० बाय ६०० चा फोटो एकतर ४५० बाय ६०० करायचा, नाहीतर ६०० बाय ८००. चेहरा दोन्हीत सारखाच सुधारतो. पहिल्या मार्गात रुंदीतले पाऊण पिक्सेल राहतात, पाव कायमचे जातात. फोटो लहान होतो पण कडक दिसतो. दुसऱ्यात काही जात नाही, मात्र उंचीतले जादा २०० पिक्सेल संगणक शेजारच्यांवरून भरून काढतो, म्हणून पापण्या आणि मिशा जराशा मऊ वाटतात. फॉर्मसाठी पहिला मार्ग बरा. फ्लेक्ससाठी दुसरा, कारण तिथे फोटो नाहीतरी मोठाच करायचा असतो आणि आहे तो तपशील आधीच फेकून देण्यात अर्थ नाही.

गंमत अशी की दुरुस्ती करतानाही तेच कुलूप उघडावं लागतं, जे उघडल्यामुळे बिघाड झाला. पेंटमध्ये `Maintain aspect ratio` ची खूण काढायची. गिंपमध्ये `Scale Image` उघडून रुंदी-उंचीच्या आकड्यांशेजारची साखळी तोडायची आणि मगच ६०० व ८०० टाकायचे. काम झालं की फाइल नव्या नावानं साठवायची आणि कुलूप पुन्हा लावायचं. शेवटचं विसरलात तर पुढच्या गिऱ्हाइकाचे अण्णा पसरतात.

फोटोशॉपवाल्यांची कथा वेगळी आहे. तिथे वर्षानुवर्षं एकच सवय होती, कोपरा धरून ओढताना शिफ्ट दाबायचं, म्हणजे प्रमाण टिकतं. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या आवृत्तीनं हे उलटं केलं. आता नुसतं ओढलं तरी प्रमाण टिकतं आणि शिफ्ट दाबलं की सुटतं. ज्यांचं बोट आपोआप शिफ्टवर जात होतं, त्यांनीच नव्या आवृत्तीत सगळ्यात जास्त चेहरे ताणले असणार.

आपल्याकडचे फ्लेक्स मात्र बहुतेक कोरलड्रॉमध्ये होतात, आणि तिथे एक सोपी सोय आहे जिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. फोटोवर क्लिक केलं की खालच्या पट्टीत त्याचं रिझोल्यूशन दिसतं. फोटो सरळ असेल तर तिथे एकच आकडा असतो. ताणलेला असेल तर दोन दिसतात, समजा `150 x 200 dpi`. आडव्या इंचात १५० ठिपके आणि उभ्या इंचात २००, म्हणजे ठिपके आडवे विरळ झालेत, म्हणजे फोटो आडवा ओढलाय, पुन्हा १.३३ पट. `Clear Transformations` दिलं की तो मूळ आकारात परत येतो, कारण इथे फाइलला धक्का लागलेला नसतो, फक्त तिची चौकट ओढलेली असते. वर्डमध्येही असंच. चित्र कितीही ओढलं तरी `Reset Picture & Size` त्याला जागेवर आणतं.

पण अण्णांच्या फोटोला ही युक्ती लागू नाही. तो पेंटमध्येच दाबून साठवला गेला होता. कोरलच्या लेखी ती ६०० बाय ६०० ची धडधाकट फाइल आहे, आकडाही एकच दाखवणार. तिथे घड्याळच मोजावं लागतं.

लग्नाच्या सीडी-डीव्हीडीतून फोटो काढणाऱ्यांची अडचण याच घराण्यातली, फक्त उलट दिशेची. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा हसरा चेहरा कधीकधी फक्त लग्नाच्या व्हिडिओतच सापडतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत चित्र ७२० बाय ५७६ पिक्सेलचं साठवलेलं असतं, पण तिथले पिक्सेल चौरस नसतात. प्लेअर चित्र दाखवताना ते रुंद करतो. काही सॉफ्टवेअर फ्रेम जशीच्या तशी काढून देतात आणि आजी निमुळत्या दिसू लागतात. जुन्या टीव्हीच्या आकाराचं चित्रण असेल तर उंची तशीच ठेवून रुंदी ७६८ करायची. रुंद पडद्याचं असेल तर थेट १०२४. पहिल्यात फरक इतका कमी की पटकन लक्षात येत नाही, दुसऱ्यात मात्र चेहऱ्याची जवळजवळ तीस टक्के रुंदी गायब असते.

या हिशोबाला न जुमानणारे फोटोही असतात. मोबाइल जवळ धरून काढलेल्या ग्रुप फोटोत कडेला उभ्या असलेल्या मावशी नेहमी रुंद दिसतात, मधले नवरा-नवरी मात्र ठीक असतात. तो दोष रुंद कोनाच्या लेन्सचा. तिथे अख्खा फोटो दाबलात तर मावशी सुधारतात आणि नवरा-नवरी सुकतात. ओळखायची खूण अशी की आकार चुकीचा दिल्यानं आलेला ताण फोटोत सगळीकडे सारखा असतो, दाराच्या चौकटीत, घड्याळात, सगळ्या चेहऱ्यांत. लेन्सचा ताण कडेला जास्त, मध्ये जवळजवळ नाही.

दुसरा अवघड प्रकार म्हणजे ताणल्यानंतर फिरवलेला फोटो. आधी चौकोनात कोंबला, मग मान वाकडी वाटली म्हणून दहा अंश फिरवला. आता ताण आडवा राहिलेला नाही, तिरका झालाय, आणि नुसती रुंदी कमी केली तर एक गाल वर, एक खाली असा चेहरा निघतो. आधी फोटो तेवढाच उलटा फिरवायचा, मग ताण काढायचा, मग हवं तर मान सरळ करायची. क्रम चुकला की बिघाडात भर पडते.

सगळं बरोबर झाल्यावर शेवटी एक अडचण उरतेच. अण्णा आता ३ बाय ४ चे झाले आणि फ्लेक्सवरची जागा चौकोनी आहे. घाईत असलेला ऑपरेटर कोपरा धरून पुन्हा ओढतो आणि केलेलं काम पाण्यात जातं. तिथे पॉवरक्लिप वापरायचं, म्हणजे चौकोनात फोटो ठेवून खालचा छातीचा भाग बाहेर जाऊ द्यायचा. अण्णांचं एक बटण कमी दिसलं तर कोणाची तक्रार नसते.

तेव्हा फ्लेक्स किंवा श्राद्धपत्रिका छापायला देताना फॉर्मसाठी केलेला फोटो देऊ नका, मूळ फोटो शोधा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तो नसेलच, तर ज्यात मागे घड्याळ आहे असा फोटो न कापता द्या. आणि प्रूफ आलं की चेहऱ्याआधी घड्याळ बघा.