शेजार आणि स्नेह

स्वभाव जुळले की मैत्री होते, असे आपण म्हणतो. फेस्टिंगर, शाक्टर व बॅक यांना मात्र अमेरिकेतील एम.आय.टी.च्या विद्यार्थी-वसाहतीत निराळेच दिसले (१९५०). तेथे घर रिकामे होईल तसे मिळे. शेजारी निवडण्यास वाव नव्हता. तरीही लगतच्या बिऱ्हाडांपैकी ४१ टक्के स्नेही ठरली, मजल्याच्या दुसऱ्या टोकाची अवघी १० टक्के.

पण १९७६ साली एबेसन प्रभृतींना कॅलिफोर्नियात नावडती माणसेही बहुधा शेजारचीच आढळली! सान्निध्य भेटी घडविते, इतकेच. साम्याचेही तसेच: माँटोया यांच्या २००८ च्या आढाव्यात, जुन्या नात्यांत खऱ्या साम्यापेक्षा मानलेले साम्यच आकर्षणाशी निगडित दिसले.

परस्परतेचा पुरावा मला अधिक बोलका वाटतो. कर्टिस व मिलर यांनी १९८६ साली काही विद्यार्थ्यांना, ‘समोरच्याला तुम्ही आवडलात,’ असे खोटेच सांगितले. ते मोकळेपणाने बोलले, आणि समोरच्याला खरोखरच आवडले. अर्थात ही ओळख प्रयोगशाळेपुरतीच होती.