काळ्या मातीतील शोषखड्डा

खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजासारख्या गावी घराच्या अंगणात शोषखड्डा घ्यावयाचा, तर पहिली गाठ काळ्या मातीशी पडते. पाऊस पडताच ही माती फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पाणी खाली जाण्याचे थांबते. म्हणून खड्ड्याचा तळ माती संपून मुरूम लागेल तिथवर नेणे, हाच या रचनेचा पाया होय.

समजा, घराची स्लॅब १०० चौरस मीटर आहे. तिच्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी जमते. त्यातील सुमारे ८० लिटर पन्हळीतून खाली येते. तासाभरात २५ मिलिमीटरची सर कोसळली, तर २,००० लिटर पाणी सामावावे लागेल.

दीड मीटर लांब-रुंद आणि दोन मीटर खोल खड्डा यास पुरतो. तळाशी एक मीटर मोठे दगड, त्यावर ३० सेंटिमीटर खडी व ३० सेंटिमीटर जाड वाळू भरावी. वरचे ४० सेंटिमीटर मोकळे ठेवावे. मोकळ्या जागेत ९०० लिटर, तर दगड-वाळूच्या पोकळ्यांत सुमारे १,२५० लिटर पाणी मावते. बाजूची माती दगडांत घसरू नये म्हणून कडेने कोरडे दगडी बांधकाम करावे.

भरण्यापूर्वी तळाची परीक्षा घ्यावी. मुरमात फूटभर खोल लहान खड्डा करून तो रात्रभर ओला ठेवावा. सकाळी पुन्हा भरून तासात पातळी किती उतरते ते मोजावे. ५० मिलिमीटर उतरली, तर केवळ तळातून ताशी सुमारे ११० लिटर पाणी मुरेल आणि भरलेला खड्डा वीस तासांत रिकामा होईल. मात्र पातळी १० मिलिमीटरही उतरली नाही, तर त्याच पाण्यास चार दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागेल. तेथे खड्ड्याऐवजी साठवणटाकीच बरी.

जागा निवडताना घराच्या पायापासून किमान तीन मीटर दूर राहावे, कारण भिजून फुगणारी माती भिंतीस तडे देते. शौचालयाचा शोषखड्डा व सेप्टिक टँक त्याहून बरेच दूर हवेत. पावसाळ्यात शेजारच्या विहिरीचे पाणी खड्ड्याच्या तळाएवढे चढत असेल, तर तेथे खोदू नये.

पहिल्या सरीचे धुळकट पाणी बाहेर सोडण्यासाठी नळीला वेगळी तोटी ठेवावी आणि जादा पाणी गटारात जाईल असा मार्ग वरच्या कडेस द्यावा. एरवी पाणी दिवसभरात ओसरणाऱ्या खड्ड्यात पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशीही ते वर साचलेले दिसले, तर बहुधा वाळूवर गाळाचा थर बसलेला असतो. वरची काही सेंटिमीटर वाळू काढून धुऊन परत घातली की खड्डा पूर्ववत चालू लागतो. हे काम दरवर्षी मृगापूर्वी उरकून घ्यावे.