सकाळची गोळी रात्री कशी जाते?

लघवी वाढवणारी गोळी डॉक्टर बहुधा सकाळी घ्यायला सांगतात. चिठ्ठीवर तिच्यापुढे १-०-० लिहिलेलं असतं. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री नाही, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही कळतं. आता समजा, याच गोळीच्या माहितीपत्रकाचं उर्दू भाषांतर करायचं आहे. मालेगाव, भिवंडीसारख्या गावांत उर्दू वाचणारे रुग्ण भरपूर, त्यामुळे असं पत्रक कुणीतरी करतंच. भाषांतरकार नीट टाइप करतो: आधी १, मग आडवी रेघ, मग शून्य, रेघ, शून्य. आणि पडद्यावर दिसतं ०-०-१. डावीकडून वाचलं तर गोळी रात्री गेली, आणि रुग्णाची झोप बाथरूमच्या फेऱ्यांत गेली.

यात टाइप करणाऱ्याची चूक नाही. संगणकही बिघडलेला नाही. तो एक नियम अगदी काटेकोरपणे पाळतो आहे.

उर्दू आणि अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, पण त्यांतले आकडे मात्र आपल्यासारखेच: मोठ्या स्थानाचा अंक डावीकडे. म्हणजे एकाच ओळीत दोन दिशा नांदतात. संगणक मजकूर साठवताना दिशेचा विचारच करत नाही. जे आधी टाइप झालं ते आधी, जे नंतर ते नंतर, एवढंच तो जपतो. कोणतं अक्षर कुठे दिसावं हे तो दाखवताना ठरवतो, आणि त्यासाठी युनिकोडने सविस्तर नियम घालून दिलेत. त्यानुसार उर्दू आणि लॅटिन अक्षरांना स्वतःची पक्की दिशा असते. आकड्यांची दिशा कच्ची असते, तर रेघ, कंस आणि मोकळी जागा यांना स्वतःची दिशाच नसते. ती शेजाऱ्यांकडे बघून ठरते.

आपल्या घोटाळ्याचं मूळ इथे आहे. आकडा आला की संगणक मागे वळून बघतो: याच्या आधीचं पक्क्या दिशेचं शेवटचं अक्षर कोणतं? ते अरबी लिपीतलं असेल, तर आकड्याची गणना ‘अरबी आकडा’ म्हणून होते, मग तो इंग्रजी वळणाचा असो वा उर्दू. आणि अरबी आकड्यांच्या मधली आडवी रेघ त्यांना सांधत नाही. ती सुटी पडते आणि ओळीची, म्हणजे उजवीकडून डावीकडची दिशा घेते. मग १, ०, ० हे तीन वेगळे तुकडे उजवीकडून मांडले जातात. हिब्रूही उजवीकडून लिहितात, पण हिब्रू अक्षरामागे आलेल्या आकड्यांना हा नियम लागू नाही. तिथे तीच रेघ आकडे धरून ठेवते. म्हणून हिब्रूत निभावलेला साचा उर्दूत निभावेलच असं नाही.

आता आपलं पत्रक बघू. त्यात हा डोस तीन ठिकाणी आहे. तक्त्याच्या एका चौकटीत तो एकटाच आहे; मागे उर्दू अक्षर नाही, म्हणून तिथे तो १-०-० असाच दिसतो. खाली उर्दू वाक्यात ‘ये गोली’ या शब्दांनंतर तोच डोस येतो आणि ०-०-१ होतो. तिसऱ्या ठिकाणी औषधाचं नाव लॅटिन लिपीत आहे आणि डोस त्याला लागून आहे. मागचं पक्कं अक्षर लॅटिन, म्हणून पुन्हा १-०-०. एकाच पानावर, एकच डोस, दोन क्रमांनी. उर्दू वाचणारा एखादा माणूस उलटलेला डोस उजवीकडून वाचेल आणि त्याला अर्थ बरोबर लागेल, हेही खरं. पण कोण कुठून वाचेल हे पत्रक छापणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

(वर मी देवनागरी अंक छापलेत. तसे अंक त्या उर्दू वाक्यात टाकले असते तर उलटले नसते, कारण युनिकोड देवनागरी अंकांना अक्षरांसारखी पक्की, डावीकडून उजवीकडची दिशा देतं. उर्दू वाचकाला त्याचा उपयोग नाही, ही गोष्ट वेगळी.)

तिरपी रेघ जरा भरवशाची. रक्तदाब १२०/८० असा सलग लिहिला तर तो उर्दूतही शाबूत राहतो, कारण एकाच जातीच्या दोन आकड्यांमध्ये एकटी सापडलेली तिरपी रेघ त्यांना जोडते. पण कुणी नीटनेटकेपणाच्या हौसेने रेघेच्या दोन्ही बाजूंना जागा सोडली की जोड तुटतो आणि ८० डावीकडे, १२० उजवीकडे जातात. टेलिफोन क्रमांकाचं दुखणं आडव्या रेघेचंच: शहराचा कोड शेवटी जाऊन बसतो.

हे दिसल्यावर बहुतेक जण करतात तो उपाय सर्वांत घातक आहे. पडद्यावर १-०-० दिसावं म्हणून ते ०-०-१ टाइप करतात. दिसायला ठीक होतं, पण साठवलेला मजकूर आता खरोखरच चुकीचा आहे. तोच मजकूर पुढे तक्त्यात किंवा लॅटिन नावाशेजारी गेला की ०-०-१ उघडं पडतं. संशय आला तर पडताळणी सोपी आहे: तो आकडा कॉपी करून एका कोऱ्या फाइलमध्ये एकटाच चिकटवा. मागे उर्दू अक्षर नसल्यामुळे तिथे साठवलेला क्रम जसाच्या तसा दिसतो.

खरा उपाय म्हणजे क्रम न बदलता त्या तुकड्याभोवती कुंपण घालणं. २०१३ साली युनिकोडने यासाठी न दिसणारी चिन्हं आणली. तुकड्याच्या आधी U+2066 आणि नंतर U+2069 टाकलं की आतला मजकूर डावीकडून उजवीकडे राहतो आणि बाहेरच्या उर्दूचा त्याच्याशी संबंध तुटतो. वेबपानावर हेच काम असं होतं:

```
<bdi dir="ltr">1-0-0</bdi>
```

जुन्या प्रोग्रॅमना ही चिन्हं कळत नाहीत. तिथे आकड्याच्या लगेच आधी U+200E टाकावं. ते दिसत नाही, पण लॅटिन अक्षरासारखं वागतं. मागे वळून बघणाऱ्या आकड्याला तेच भेटतं आणि तो सरळ राहतो. ‘४० मिलिग्रॅम’ इंग्रजीत लिहिल्यावर एकक आकड्याच्या डावीकडे पळतं, तेही याच चिन्हाने जागेवर येतं.

त्याआधी एक गोष्ट तपासायची: परिच्छेदाची दिशा. मजकूर उजव्या कडेला सरकवणं आणि परिच्छेद उजवीकडून डावीकडचा करणं या दोन वेगळ्या आज्ञा आहेत, आणि घाईत पहिलीच दिली जाते. मग उर्दू वाक्याच्या मध्ये एक लॅटिन शब्द आला तरी वाक्याचे दोन भाग जागा बदलतात: सुरुवात डावीकडे, शेवट उजवीकडे. पूर्णविरामही उजव्या टोकाला, म्हणजे वाचकाच्या दृष्टीने वाक्य सुरू होण्याआधीच, उभा असतो. असा पूर्णविराम दिसला की बाकी काही शोधू नये, आधी परिच्छेदाची दिशा बदलावी.

डोसच्या बाबतीत मात्र मी चिन्हांवरही विसंबणार नाही. मजकूर एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाताना न दिसणारी चिन्हं कधीकधी गळतात आणि गळल्याचं कळत नाही. पत्रकात ‘सुबह एक गोली, दोपहर और रात को नहीं’ असं उर्दू अक्षरांत लिहिलं, तर उलटायला आकडाच उरत नाही. जागा चार शब्दांची जास्त लागते, एवढंच.