दोन चमचे पाणी

अंधेरीच्या सबवेत मेहुण्याची गाडी बंद पडली, तेव्हा पाणी नंबरप्लेटला जेमतेम लागलं होतं. तेवढ्यात समोरून बस आली. तिची लाट बॉनेटवर आदळली, गाडीला दोन आचके बसले आणि इंजिन थांबलं. मागच्यांचे हॉर्न सुरूच होते. त्याने लगेच सेल्फ मारला. इंजिन क्षणभर लागलं, मग आतून ‘ठाण्’ असा आवाज आला आणि सगळं गप्प. तिसऱ्यांदा मारला तर नुसतं ‘टक’.

गॅरेजवाल्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: “बंद पडल्यावर सेल्फ किती वेळा मारलात?”

या प्रश्नात सगळं आलं. गाडी पाण्यात बंद पडते त्याला कारणं अनेक. कधी वायरिंग भिजतं, कधी एअर फिल्टर ओला होऊन हवा कोंडते, तर कधी पाणी थेट सिलिंडरमध्ये जातं. सीटवर बसून यातलं नेमकं काय झालंय हे कळायला मार्ग नाही. पहिल्या दोन प्रकारांत इंजिन बहुतेक वेळा शाबूत असतं, फक्त पाणी फिल्टरच्या डब्यात साचलेलं असतं. सेल्फ मारला की इंजिन श्वास घेतं आणि तेच पाणी आत ओढतं.

आत गेल्यावर काय होतं? मेहुण्याची गाडी १२०० सीसीची, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी. म्हणजे एका सिलिंडरमध्ये पिस्टन खालून वर येताना साधारण ३०० मिली हवा दाबतो, आणि अगदी वर पोचल्यावर त्या हवेला उरते जेमतेम ३३ मिली जागा. हवा दबते, पाणी दबत नाही. त्यामुळे या जागेपेक्षा थोडं जास्त, म्हणजे जेवणाच्या चमच्याने दोन-अडीच चमचे पाणी आत असलं, की पिस्टन वरपर्यंत जाऊच शकत नाही. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. डिझेल इंजिनात ही जागा आणखी कमी असते, तिथे दीड चमचाही पुरतो.

एकट्या सेल्फची ताकद तशी बेताची. पाण्याला अडून तो बहुधा ‘टक’ करून थांबतो. खरा घात होतो तो बाकीचे सिलिंडर पेटले तर. तिघांचा जोर चौथ्यातल्या पाण्यावर येतो आणि पिस्टनला धरून ठेवणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. मेहुण्याने ऐकलेलं ‘ठाण्’ ते हेच.

म्हणून बंद पडली की चावी बंद. पाणी चढत असेल तर गाडीचा विचार सोडा. काचा चालताहेत तोवर खाली घ्या आणि बाहेर पडा. जमत असेल तर न्यूट्रलमध्ये ढकलून उंचावर न्या. पण गिअरमध्ये टाकून धक्कास्टार्ट अजिबात नको, त्यात चाकं इंजिनाला सेल्फपेक्षाही जास्त जोराने फिरवतात. ऑटोमॅटिक असेल तर ती ट्रकवर चढवूनच नेलेली बरी.

कोरड्यात आल्यावर आधी दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मग एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा उघडा. कागद कोरडा आणि डब्याचा तळही कोरडा असेल, तर पाणी इंजिनात गेल्याची शक्यता कमी. कागद लिबलिबीत झालाय किंवा तळाला पाणी आहे, तर तिथेच थांबून मेकॅनिकला बोलवा. डिपस्टिकही ओढून पाहा: ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं किंवा पातळी वाढलेली असली, तर पाणी खालपर्यंत पोचलंय. ऑइल स्वच्छ दिसलं म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. सिलिंडरमधलं पाणी डिपस्टिकवर दिसत नाही.

मेकॅनिकने चारही प्लग काढले आणि क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हातानेच सावकाश फिरवलं. तिसऱ्या भोकातून पाण्याची पिचकारी उडाली. प्लगची भोकं उघडी असली की पाण्याला वाट मिळते, म्हणून हे काम आधी. पाणी संपल्यावर त्याने ऑइल आणि दोन्ही फिल्टर बदलले, प्लग बसवले, आणि गाडी चक्क सुरू झाली. मेहुणा खूश.

मेकॅनिक मात्र नव्हता. रिकाम्या चालीला इंजिन थरथरत होतं. त्याने कॉम्प्रेशन गेज लावून पाहिलं: तीन सिलिंडर १८० पीएसआयच्या आसपास, तिसरा १४०. असा रॉड काही महिने चालतोही, पण कधीतरी तुटून इंजिनाचा ब्लॉक फोडू शकतो. (विम्याचंही बघून ठेवा. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत. इंजिन प्रोटेक्शनची जोड वेगळी घ्यावी लागते आणि तिच्याही अटी असतात.)

इंजिन उघडलं. काढलेला रॉड त्याने नव्या रॉडशेजारी काचेवर ठेवला. मला दोन्ही सारखेच दिसले. मग त्याने दोघांची मोठी भोकं एका रेषेत जुळवली आणि वरच्या टोकाकडे बोट दाखवलं. जुना दोन मिलिमीटर आखूड होता.