बॉण्डवरचे दोन लाख कोणाचे?

ऑफर लेटरवर सही करताना पगाराचा आकडा आधी दिसतो. ‘तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरावे लागतील’ ही ओळ बोचते ती राजीनाम्याच्या दिवशी.

ते दोन लाख खरंच द्यावे लागतात का? दिल्ली उच्च न्यायालयापुढे २०११ मध्ये नेमका असाच बॉण्ड आला होता. कर्मचाऱ्याने दोन वर्षं काम करून नोकरी सोडली होती. कंपनीने त्याच्यावर केलेला खर्च निघाला ६७,५९५ रुपये. तीनपैकी एकच वर्ष उरलं होतं, म्हणून कंपनीला मिळाले त्याचे एक तृतीयांश, २२,५३२ रुपये. भारतीय करार कायद्याचं कलम ७४ हेच सांगतं: करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, भरपाई वाजवीच मिळते.

पण बॉण्ड म्हणजे नुसता कागद, असंही समजू नये. सार्वजनिक बँकेत एक जागा भरायला जाहिरात, परीक्षा, मुलाखती असा मोठा खर्च होतो. तो पाहून सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये विजया बँकेची दोन लाखांची अट वैध ठरवली.

नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जाऊ नये, ही अट मात्र कलम २७ नुसार सहसा टिकत नाही. गोपनीय माहिती सोबत नेता येत नाही, इतकंच. नोटीस पिरियडसाठी कोर्ट जबरदस्तीने कामावर बसवत नाही, पण करारात असेल तर उरलेल्या दिवसांचा पगार कापला जाऊ शकतो.

म्हणून पैसे भरण्याआधी कंपनीकडे प्रशिक्षणाच्या खर्चाचा हिशेब लेखी मागा.