ऑनलाईन अर्जातील सशर्त रकाने व पूर्वीच्या उत्तरांचे जतन

प्रस्तावना :
छापील अर्जात ‘होय असल्यास तपशील द्यावा’ अशी सूचना असते. ऑनलाईन अर्जात ‘होय’ निवडल्यावरच तपशिलाचे रकाने प्रकट होतात. कागदावर मत बदलले तरी लिहिलेला मजकूर जागेवर राहतो. संगणकावर मात्र तो अनेकदा नाहीसा होतो. प्रस्तुत लेखात या दोषाचे कारण व उपाय यांचा विचार केला आहे.

उदाहरण :
समजा, गुहागर तालुक्यातील एक विद्यार्थिनी रत्नागिरीस शिकते. शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘वसतिगृहात राहता काय?’ या प्रश्नाला ती ‘होय’ म्हणते आणि वसतिगृहाचे नाव, प्रवेशाची तारीख व मासिक शुल्क भरते. पुढे गेल्यावर ती मागे येते, चुकून ‘नाही’ निवडते व लगेच पुन्हा ‘होय’ करते. रकाने दिसतात, पण रिकामे. ‘नाही’ निवडताच ते पानावरून काढून टाकले गेले व नंतर नव्याने तयार झाले, हे त्याचे कारण होय.

रकाना केवळ दृष्टीआड केला, तर उत्तर टिकते. परंतु दुसरी अडचण उद्भवते. ‘नाही’ म्हणूनही शुल्काची रक्कम अर्जासोबत जाते. शिवाय तो रकाना अनिवार्य असून रिकामा राहिला, तर अर्ज पुढे सरकत नाही आणि अदृश्य रकान्यावर सूचनाही दाखविता येत नाही. अर्जदारास बटण बिघडल्यासारखे वाटते.

उपाय :
उत्तर साठविणे आणि ते लागू असणे या दोन बाबी वेगळ्या मानाव्यात. संबंधित रकाने `<fieldset>` या गटात ठेवून गट एकाच वेळी अदृश्य व निष्क्रिय करावा. पुढील ओळींत `gat` हा तो गट असून ‘होय’ निवडल्यास `hoy` ची किंमत सत्य असते.

```
gat.hidden = !hoy;
gat.disabled = !hoy;
```

निष्क्रिय गटातील उत्तरे पानावर टिकतात, परंतु त्यांची तपासणी होत नाही व ती पाठविलीही जात नाहीत. त्यातील उपगटही आपोआप निष्क्रिय होतात.

मर्यादा :
अर्ज अनेक पानांचा असल्यास एवढे पुरत नाही. निष्क्रिय रकाने सर्व्हरकडे पोहोचत नाहीत. म्हणून सर्व्हरने जुना मसुदा पुसून केवळ आलेली उत्तरे ठेवली, तर वसतिगृहाचा तपशील तेथे नष्ट होतो. न आलेल्या रकान्याची पूर्वीची नोंद मसुद्यात तशीच राखावी. अंतिम सादरीकरणाच्या वेळी मात्र कोणते रकाने लागू आहेत हे सर्व्हरने स्वतः ठरवून उर्वरित नोंदी वगळाव्यात.

निष्कर्ष :
अर्जाची परीक्षा सोपी आहे. तपशील भरावा, ‘नाही’ करून पुढील पानावर जावे, परत येऊन ‘होय’ करावे. तपशील जसाच्या तसा दिसला पाहिजे. नंतर ‘नाही’ ठेवून अर्ज सादर करावा. छापील प्रतीत वसतिगृहाचा उल्लेखही नसावा. दोन्ही कसोट्या उतरल्या तरच रचना निर्दोष मानावी.